देव्हाऱ्यातल्या चांदीच्या अंगठीवरचा मजकूर कसा वाचायचा?

प्रश्न : माझ्या आजोळी देव्हाऱ्यात एक जुनी, जाड चांदीची अंगठी आहे. वरच्या गोल चपट्या भागावर पाच ओळी कोरल्या आहेत. मी मस्कतला असतो. मामांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि अक्षरं वर आलेली आहेत असं लिहिलं, पण एकही शब्द लागत नाही. एक जण म्हणाले मोडी आहे, दुसरे म्हणाले कानडी असेल. फोटो सोबत जोडला आहे. वाचून आजच्या मराठीत अर्थ सांगाल का?

उत्तर : तुमच्या अंगठीवर मोडी नाही आणि कानडीही नाही. सरळ देवनागरी आहे, आपल्या जुन्या बोलीत बाळबोध, पण उलटी कोरलेली. ही शिक्क्याची अंगठी आहे. ती शाईत बुडवून कागदावर उमटवायची, म्हणून कोरणाऱ्याने अक्षरं आरशातल्यासारखी काढली आहेत.

हे कशावरून, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. देवनागरीत त, न, म, प, च, ज अशा बहुतेक अक्षरांचा उभा दंड अक्षराच्या उजव्या अंगाला असतो. तुमच्या फोटोत शिरोरेघ वर आहे, म्हणजे अंगठी उलटी धरलेली नाही. तरीही ओळीमागून ओळ पाहिली तर दंड डाव्या अंगाला आणि अक्षराचं पोट उजवीकडे. शिवाय ओळींच्या उजव्या टोकापासून सुरुवात केली तरच ‘श्री’ सापडतो. मोडीची सवय असलेल्या माणसालाही अशी उलटी नागरी मोडी वाटते, कारण वळणं अनोळखी दिसतात आणि शब्द तोडलेले नसतात.

एक शंका मात्र आधी फेडून घ्यायला हवी. काही फोनचा पुढचा कॅमेरा फोटो आरशासारखा उलटा करून साठवतो. मग सरळ कोरलेलं पदकसुद्धा शिक्का वाटू लागतं. म्हणून मामांना सांगा, पुढच्या प्रत्येक फोटोत अंगठीशेजारी वर्तमानपत्राचा तुकडा आणि मुलांची मोजपट्टी ठेवा. वर्तमानपत्र सरळ वाचता आलं की अंगठीवरची अक्षरं खरोखरच उलटी आहेत हे पक्कं होतं, आणि पट्टीवरून अक्षराची उंचीही कळते. तुम्ही पाठवलेल्या फोटोच्या कोपऱ्यात उदबत्तीच्या पुड्यावरची अक्षरं सरळ दिसताहेत, त्यामुळे इथे प्रश्न मिटला.

फोनच्या एडिटमध्ये जाऊन फोटो आडवा फ्लिप करा, म्हणजे मी काय वाचतोय ते तुम्हालाही दिसेल. पहिल्या ओळीच्या वर एक छोटी चंद्रकोर आणि शेजारी ठिपका आहे. तो ओंकार नाही आणि चंद्रबिंदूही नाही. मराठी शिक्क्यांवर सूर्य-चंद्र काढायची रीत होती, तेच हे. त्याखाली मला आत्ता एवढं दिसतं. चौकटी कंसात आहे ते अंदाजाने भरलेलं आहे, आणि जिथे अक्षर गेलंच आहे तिथे टिंबं आहेत.

श्रीम्हा[ळ]सा
कांतचरणीत
त्पररवंडोजी
सुत . नाजी
नि[रं]तर

मजकूर उतरवताना मी मुद्दाम शब्द तोडले नाहीत. कोरणारा जागेप्रमाणे ओळ तोडतो, शब्दाप्रमाणे नाही. शिक्का गोल असल्यामुळे मधल्या ओळींत जास्त अक्षरं बसली आहेत आणि टोकाच्या ओळींत कमी. दुसऱ्या ओळीच्या शेवटचा ‘त’ आणि तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीचा ‘त्पर’ एकत्र आले की ‘तत्पर’ होतो. घाईत शब्द तोडले असते तर ‘चरणीत’ असा एक नसलेलाच शब्द तयार झाला असता, आणि तो शब्दकोशात शोधण्यात संध्याकाळ गेली असती.

तिसऱ्या ओळीत मी ‘रवंडोजी’ असं लिहिलंय, कारण डोळ्याला तेच दिसतं. जुन्या वळणात ‘ख’ म्हणजे जवळजवळ ‘र’ आणि ‘व’ शेजारीशेजारी. दोघांच्या तळाला जोडणारी रेघ, जी आज आपण छापील अक्षरात पाहतो, ती जुन्या हातात बऱ्याचदा नसते. रवंडोजी नावाचा माणूस ऐकिवात नाही आणि खंडोजी घरोघर होते. शिवाय वर म्हाळसाकांत, म्हणजे खंडोबा आहे. म्हणून ‘खंडोजी’ हे वाचन मी पक्कं धरतो. पण क्रम लक्षात घ्या. आधी दिसलं ते लिहिलं, मग सुधारलं, आणि सुधारल्याची खूण ठेवली. पहिल्याच झटक्यात ‘खंडोजी’ लिहून टाकलं तर उद्या दुसऱ्या कुणाला ते तपासायची वाट राहत नाही.

पहिल्या ओळीतला ‘ळ’ आणि शेवटच्या ओळीतला ‘रं’ झिजलेले आहेत. ते मी भरू शकलो, कारण या मजकुराचा साचा ठरलेला आहे. ‘श्री अमुक देव चरणी तत्पर, अमुक सुत अमुक निरंतर’ असे शिक्के मराठी कागदांवर पुष्कळ सापडतात. ‘म्हा’ आणि ‘सा’ यांच्या मध्ये एकाच अक्षराची जागा असेल आणि पुढे ‘कांत’ असेल, तर तिथे ‘ळ’शिवाय दुसरं काही बसत नाही. साच्याचा आधार इतपतच घ्यायचा, मोकळ्या जागेत नेमकं एकच अक्षर बसत असेल तेव्हा.

नावाला हा आधार लागू नाही. चौथ्या ओळीत ‘सुत’च्या पुढे एक अक्षर आहे, मग ‘नाजी’. ते अक्षर ‘मा’ की ‘भा’? मानाजी आणि भानाजी, दोन्ही नावं आपल्याकडे होती. साचा दोघांनाही सारखाच मान्य करतो. ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला फरक डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो. ‘म’ची डावी बाजू वर थेट शिरोरेघेला जाऊन भिडते, ‘भ’ला तिथे वळलेली गाठ असते आणि छापील अक्षरात शिरोरेघ तुटलेली असते. कोरीव कामात ही तूट भरवशाची नाही, कित्येकदा कारागीर सलग रेघ ओढून मोकळा होतो. म्हणून गाठच शोधावी लागते. तुमच्या फोटोत नेमक्या त्या कोपऱ्यावर फ्लॅशचा पांढरा डाग पडला आहे. काना स्पष्ट आहे, अक्षराचं पोट स्पष्ट आहे, गाठीची जागा मात्र गेली. या फोटोवरून मी नाव सांगणार नाही. तुमच्या पूर्वजाचं नाव अंदाजाने ठरवणं मला पटत नाही.

नवा फोटो कसा काढायचा ते मामांना नीट समजावून सांगा, कारण सगळं काम इथेच होतं किंवा फसतं.

पहिली गोष्ट, अंगठी घासू नका. रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, चांदी चमकवायची पावडर, यातलं काहीच नको. चांदीवरचा काळेपणा खाचांत राहतो आणि वरच्या सपाट भागावरून पुसला जातो, त्यामुळे अक्षरं आपोआप गडद दिसतात. ती काळी खाच म्हणजे आपली शाई. घासलं की तीही जाते आणि धातूचा एक थरही जातो. देव्हाऱ्यात असल्यामुळे तुमच्या अंगठीच्या खाचांत गंध आणि कुंकू बसलेलं दिसतंय. पहिले फोटो ते तसंच ठेवून काढा, कारण काही ठिकाणी त्या लालीमुळेच रेघ कळते. मग मऊ ब्रशने हलकेच झाडा आणि पुन्हा फोटो काढा. झाडल्यावर जो ठिपका नाहीसा झाला तो कुंकवाचा होता, जो राहिला तो अनुस्वार असू शकतो.

दुसरी गोष्ट, उजेड. फ्लॅश बंद. खोलीत अंधार करून दुसऱ्या फोनचा टॉर्च अंगठीच्या जवळजवळ पातळीवर आणा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल. उन्हं कलल्यावर शेतातली सरी कशी उठून दिसते, तसं होतं. आता इथे एक बारकावा आहे. उजेड ज्या दिशेने येतो त्या दिशेला समांतर असलेली खाच दिसेनाशी होते आणि आडवी असलेली खाच उठून दिसते. टॉर्च डावीकडून धरला तर दंड आणि काने झळकतील, पण शिरोरेघ विरून जाईल. टॉर्च वरून धरला तर शिरोरेघ, मात्रा आणि अनुस्वार दिसतील, पण काने गायब होतील. म्हणून एका फोटोवर कधीच वाचन ठरवायचं नाही. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे निदान चार फोटो हवेत. अंगठी आणि फोन दोन्ही जागेवरून हलता कामा नयेत, फक्त टॉर्च फिरवायचा. अंगठी वाटीभर तांदळात रोवून ठेवली की छान स्थिर राहते आणि चपटा भाग वर येतो. फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. फोन अगदी टेकवू नका, वीतभर वर ठेवून दुप्पट झूम करा, म्हणजे फोनची सावलीही पडत नाही आणि कडेची अक्षरं वाकडी येत नाहीत. फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि गाठीसारखा बारकावा पहिल्यांदा मरतो.

खालून उजेड टाकलेला फोटो पाहताना जपून. आपल्या डोळ्याला उजेड वरून येतो असं गृहीत धरायची सवय आहे. त्यामुळे खालून उजेड असला की खोल खाच उठावाची वाटते. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून ‘अक्षरं वर आलेली आहेत’ असं मामांनी लिहिलंय ना, ते त्यामुळेच. नखाने हलकेच चाचपलं तर कळेल, अक्षरं आत गेलेली आहेत.

तिसरी गोष्ट, आणि तुमच्या बाबतीत हीच सगळ्यात कामाची. शिक्का उमटवण्यासाठी केलेला आहे, तर तो उमटवा. शाई नको. मुलांच्या खेळण्यातली मऊ क्ले घ्या, लिंबाएवढा गोळा करून पाटावर जाडसर थापा, वर टाल्कम पावडरचा अगदी पुसट हात फिरवा आणि अंगठी सरळ दाबून सरळ वर उचला. ठशात अक्षरं सुलटी येतात, खाचेऐवजी उठाव येतो, आणि क्लेला चांदीसारखी चकाकी नसल्यामुळे डाग पडत नाहीत. खोल अनुस्वार इथे पुळीसारखा वर येतो. धातूवरचा उथळ ओरखडा मात्र पुसट रेघ म्हणून राहतो, त्यामुळे दोघांतला फरक स्पष्ट होतो. मग या ठशाचे तिरप्या उजेडात तसेच चार फोटो काढा. तुमची अंगठी भरीव आणि साधी आहे म्हणून हे सुचवतोय. खडा बसवलेला असेल, मीनाकाम असेल किंवा आत लाख भरलेला पोकळ दागिना असेल तर ठसा घेऊ नये, तिथे फक्त उजेडावर भागवायचं. गरम लाख किंवा मेणबत्तीचं मेण कशावरच नको.

ठशाचे फोटो आले की ‘मा’ की ‘भा’ हे बहुधा सुटेल. गाठ धातूवरच झिजून गेली असेल तर सुटणार नाही, आणि मग कागदांकडे वळावं लागेल. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आता अर्थ. मजकूर जुळवल्यावर असा होतो : श्री म्हाळसाकांत चरणी तत्पर, खंडोजी सुत मानाजी (किंवा भानाजी) निरंतर.

म्हाळसाकांत हे माणसाचं नाव नाही. म्हाळसेचा पती तो म्हाळसाकांत, म्हणजे खंडोबा. एका घरी मी असाच शिक्का पाहिला होता. तिथे कुणीतरी भाषांतर करून ठेवलं होतं, ‘श्री. म्हाळसाकांत यांचा सेवक’, आणि घरातली मुलं म्हाळसाकांत नावाचे कुणी सरदार शोधत होती.

‘तत्पर’ हा शब्द तर अगदी फसवा, कारण तो आपल्या रोजच्या वापरातला आहे. आज तत्पर म्हणजे चटकन काम करणारा, तत्पर सेवा देणारा. शिक्क्यातला तत्पर संस्कृतातला आहे, ‘तत्’ म्हणजे ते आणि ‘पर’ म्हणजे तेच सर्वस्व मानणारा. त्याचं मन त्या पायांपाशी लागलेलं आहे. ‘निरंतर’ सगळ्यात शेवटी आला असला तरी त्याचा संबंध या तत्परशी आहे. तो नावाला चिकटलेला नाही, म्हणून ‘मानाजी निरंतर’ हे कुणाचं पूर्ण नाव समजू नका. ‘सुत’ म्हणजे मुलगा. म्हणून आजच्या मराठीत मी असं लिहीन : खंडोबाच्या पायी ज्याचं मन अखंड लागलेलं आहे असा, खंडोजीचा मुलगा मानाजी (किंवा भानाजी).

यातून काय कळतं आणि काय कळत नाही, तेही पाहा. कुळाचं दैवत खंडोबा होतं हे जवळपास नक्की. बाप-लेकांची नावं कळतात. हुद्दा कळत नाही. अधिकाराच्या शिक्क्यात बऱ्याचदा धन्याचं नाव येतं. पेशव्यांचा शिक्का पाहा : ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाळाजी बाजीराव मुख्य प्रधान’. तिथे शाहू महाराजांचं नाव आधी, आपलं नाव आणि पद नंतर. तुमच्या अंगठीवर धनी म्हणून फक्त देव आहे. त्यामुळे यावरून कुणी सरदारकीचा दाखला काढू नये. सालही कोरलेलं नाही, आणि निव्वळ अक्षराच्या वळणावरून मी साल सांगणार नाही.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारलं नाही, पण अशा अंगठ्यांबरोबर मला वारंवार येणारा दुसरा प्रकार इथेच सांगून टाकतो, कारण तिथे तपासायची रीत वेगळी आहे. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची पदकं, लॉकेटं आणि स्पर्धेच्या ढाली आता सगळीकडे मिळतात. परदेशातल्या मंडळाची एक ढाल मध्यंतरी फोटोवरून अर्थ सांगण्यासाठी माझ्याकडे आली. मजकूर सगळ्यांना पाठ असल्यामुळे कुणी तो वाचलाच नव्हता. मी अक्षर न अक्षर उतरवलं तेव्हा दिसलं, ‘वर्धिष्णु विश्ववंदिता’ आणि ‘शिवस्येषा’.

मूळ मजकूर आहे : प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥ हा अनुष्टुभ श्लोक आहे. चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं. प्र-ति-प-च्चं-द्र-ले-खे-व, मोजून आठ. झिजलेल्या पदकावर एखादं पूर्ण अक्षर गेलं असेल तर ही मोजणी लगेच सांगते की कुठल्या चरणात एक कमी आहे. पण ढालीवरच्या दोन्ही चुका या मोजणीत सापडत नाहीत, कारण रफार गेला किंवा दोनाची एक मात्रा झाली तरी अक्षरांची संख्या आठच राहते. तिथे व्याकरण लागतं. ‘वर्धिष्णुः’ आणि ‘विश्ववंदिता’ जोडले की विसर्गाचा र होतो आणि तो ‘वि’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘शिवस्य’ आणि ‘एषा’ जोडले की ‘स्यै’ होतो, दोन मात्रा. मग प्रश्न उरतो, रफार झिजला की कोरलाच नव्हता? वरून टाकलेल्या तिरप्या उजेडात झिजलेल्या रेघेचा उथळ खळगा दिसतो, न कोरलेल्या जागी पृष्ठभाग सपाट असतो. ढालीवर सपाट होता. कोरणाऱ्याने सोडलाच होता.

अर्थ सांगतानाही त्याच व्याकरणाने सावरलं. ‘विश्ववंदिता’ स्त्रीलिंगी आहे, ‘एषा’ आणि ‘मुद्रा’ही स्त्रीलिंगी. म्हणजे प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी आणि जगाने वंदिलेली कोण, तर मुद्रा. शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते आहे. ढालीखाली लावायच्या इंग्रजी पट्टीत ‘जगाने वंदिलेले महाराज’ असं लिहून तयार होतं, ते बदलायला लावलं. छापील पुस्तकांत ‘शाहसूनोः’च्या जागी ‘साहसूनोः’ही दिसतं. तो फरक चूक म्हणून खोडायचा नाही, वस्तूवर जे असेल ते तसं ठेवायचं.

तुमच्या अंगठीबाबतही हेच करा. फोटो स्पष्ट आल्यावर ‘चरणीं’ असा अनुस्वार दिसला किंवा ‘निरंतर’मधली वेलांटी दीर्घ दिसली, तर आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे दुरुस्त करू नका. जुन्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचे आजचे नियम नव्हते. आणि वेलांटीबद्दल आणखी एक सांगतो. उलट्या अक्षरांत ‘जी’ची वेलांटी डावीकडे गेल्यामुळे ती ‘जि’ वाटते, म्हणून वेलांट्यांचा निकाल फ्लिप केलेल्या फोटोवर किंवा ठशावरच करा.

नावाचा निकाल धातूवर लागला नाही, तर आजोळच्या मंडळींनी त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला आपल्या कुळाचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारावं. तिथे पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात आणि यात्रेला आलेल्या माणसाच्या नावापुढे बापाचं, आजाचं नाव लिहिलेलं असतं. तुम्हाला शोधायचा आहे तो खंडोजीचा मुलगा, आणि त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. वहीतली नोंद मोडीत असेल तर तिचाही फोटो पाठवा, फ्लॅश न लावता.